वीज कंपनीत जेई की पीडब्ल्यूडीत उपयंत्री? ह्यातलं 'सरकारी' नक्की कोण

रामबागची_मावशी
नमस्कार मंडळी, एक घरगुती पण जरा गुंतागुंतीचा प्रश्न आहे. भाची इलेक्ट्रिकल इंजिनियर, तिचं दोन ठिकाणी जमतंय असं दिसतंय, एक म्हणजे आपल्या इंदूरच्या पोलोग्राउंडच्या वीज वितरण कंपनीत जेई आणि दुसरं पीडब्ल्यूडीच्या विद्युत-यांत्रिकी शाखेत उपयंत्री. पगार जवळपास सारखाच. आमच्याकडे त्यावरनं रोज जेवताना महाभारत चालू आहे. भावजींचं म्हणणं विभाग तो विभाग, तिकडे सरकार स्वतः मालक, कंपनी काय आज आहे उद्या नाही, परिवहन निगमचं काय झालं बघा, २००५ ला बसेस उभ्या त्या उभ्याच राहिल्या. भाची म्हणते कंपनीत कामाला वाव आहे, स्वायत्त असते. मला एवढंच समजून घ्यायचंय की ही स्वायत्तता खरंच असते का, पैसा कुठून येतो आणि चुकलं तर जाब कोणाला द्यायचा. जाणकारांनी सांगा, नुसतं 'सरकारी बरी' नको.

सुदामानगर_संजू
मावशी एकदम सोपं आहे. कंपनी म्हणजे कंपनी, स्वतःचं कमवायचं स्वतःचं खायचं. एमडी तिथला राजा, सरकार फक्त शेअर धरून बसलेलं असतं. कॅगची कटकट नाही, आरटीआय नाही, विधानसभेत प्रश्न नाही. म्हणून काम फास्ट होतं. विभागात फाइल भोपाळला जाते, तिथल्या मंत्रालयात, वल्लभ भवनात फिरते आणि पुढच्या दिवाळीला परत येते. पण नोकरीची गॅरंटी विभागातच, हे मात्र भावजी बरोबर बोलतायत.

जुना_हिशोबनीस
संजू भिया, तुझं अर्धं बरोबर आहे आणि बाकीच्या अर्ध्यात तू पोरीला अडकवशील, म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या लेखा शाखेत गेली, आधी मंडळ होतं मग कंपनी झाली, टेबल तेच राहिलं नुसती पाटी बदलली असं लोक म्हणतात पण तेही पुरतं खरं नाही.

आधी तुझे गैरसमज. ५१ टक्के किंवा जास्त भांडवल सरकारचं असलं की कायद्याने ती सरकारी कंपनी, आणि आपली वीज कंपनी तर अख्खी सरकारची आहे. तिचा ऑडिटर, म्हणजे तो सीए, तोसुद्धा कंपनी स्वतः नेमत नाही, कॅग नेमतो. त्या सीएने अहवाल दिला की ६० दिवसांत कॅग वरनं स्वतःची पूरक तपासणी करू शकतो आणि त्याचे शेरे वार्षिक अहवालात छापावे लागतात, तो अहवाल विधानसभेच्या पटलावर जातो. आरटीआय तर सरळसरळ लागू आहे. म्हणजे कंपनीवर डोळे कमी नाहीत, उलट विभागापेक्षा एकदोन जास्तच आहेत, ते कसे ते पुढे लिहितो.

आता फरक कुठे आहे. मी नव्या पोरांना एकच गोष्ट बघायला सांगायचो, ३१ मार्चच्या संध्याकाळी पैसा कुठे जातो. विभागाकडे जे काही जमा होतं, भाडं असो दंड असो, ते राज्याच्या संचित निधीत जातं, विभागाला त्यातला रुपया हात लावता येत नाही. खर्चासाठी विधानसभेने मंजूर केलेली मागणी असते, तिच्यात जे शिल्लक राहिलं ते ३१ मार्चला संपलं, लॅप्स. कंपनीचं तसं नाही. तुम्ही आम्ही भरलेलं बिल कंपनीच्या बँक खात्यात जातं, १ एप्रिलला ते तिथंच असतं. कंपनी कर्ज काढू शकते, पीएफसी-आरईसीसारख्या वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्या, बँका, सगळ्यांकडून. पीडब्ल्यूडीचा कार्यपालन यंत्री कर्ज काढायला गेला तर बँकवाले त्याला चहा पाजून परत पाठवतील, कारण कर्ज राज्य काढतं, विभाग नाही.

आणि तिसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही, घसारा. कंपनीच्या हिशोबात ट्रान्सफॉर्मर दरवर्षी जुना होतो, त्याची किंमत कमी होते, तो खर्च म्हणून दिसतो. विभागाच्या हिशोबात एकदा पूल बांधला की पैसे गेले, बस्स, पूल म्हातारा होतोय हे कुठल्याच खात्यात दिसत नाही.

ठेकेदार_लोकमान्यनगर
हिशोबनीस काका, ३१ मार्चचं तुम्ही लिहिलंत आणि मला घामच फुटला. दोन्हीकडचं काम केलंय म्हणून सांगतो, नावं घेत नाही कारण अजून धंदा करायचाय. एका विभागाचं काम होतं, जानेवारीत पूर्ण, मेजरमेंट बुकात नोंद झाली, बिल पास झालं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाबू म्हणतो आवंटन संपलं. संपलं म्हणजे पैसा नाही असं नाही, राज्याकडे पैसा आहे, पण त्या हेडमध्ये नाही. शेवटच्या दिवशी सगळे ठेकेदार कोषालयाबाहेर, बिल सर्वरवर चढतंय की नाही बघत बसलेले, रात्र झाली तरी कोणी घरी जाईना. माझं चढलं नाही. मग नव्या वर्षाचं बजेट, मग नवीन आवंटन, पैसे आले तेव्हा पाऊस पडत होता.

कंपनीच्या कामात हे होत नाही. तिथं बजेट संपलं असं कोणी म्हणत नाही. तिथं म्हणतात 'फंड नाही'. बिल पास आहे, तारीख गेली तरी हक्क तुमचा बुडत नाही, पण पैसे रांगेत. आधी वीज खरेदीचे पैसे, मग पगार, मग कर्जाचे हप्ते, आणि ठेकेदार सगळ्यात शेवटी. म्हणजे विभागात तारीख मारते आणि कंपनीत रोकड मारते, मरतो मीच.

मालव्याचा_माणूस
विषय चांगला आहे म्हणून इथेच विचारतो, माझं बिल दर महिन्याला दीडशेच्या आसपास युनिट असतं आणि अगदी थोडं येतं, मागच्या महिन्यात १५३ युनिट झाले आणि बिल एकदम कितीतरी वाढून आलं. तीन युनिटला एवढे पैसे? कंपनी स्वायत्त आहे म्हणजे वाट्टेल तो दर लावणार का? कोणाकडे तक्रार करू?

रामबागची_मावशी
दादा इथे नोकरीचं चाललंय 😄

जुना_हिशोबनीस
असू दे मावशी, त्यांच्या बिलातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

मालव्याचे दादा, तुम्हाला ज्या कमी दराने बिल येतं ती अटल गृह ज्योती योजना. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असला तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये, वरच्या ५० ला नेहमीचा दर. १५० च्या वर गेलात की त्या महिन्यापुरते योजनेतून बाहेर, सगळ्याच युनिटला पूर्ण दर. म्हणून तीन युनिटला 'एवढे' पैसे दिसतात. रीडिंग किती दिवसांनी घेतलंय ते बिलावर बघा, मर्यादा महिन्याच्या हिशोबाची आहे, रीडिंग लांबलं असेल तर विचारायला जागा आहे.

पण आता बघा, हा दर ठरवला कोणी? कंपनीने नाही. वीजदर ठरवतो राज्याचा विद्युत नियामक आयोग. आणि सूट ठरवली कोणी? राज्य सरकारने. कंपनी मधे फक्त बिल छापते आणि शिव्या खाते.

हिशोब मांडून दाखवतो, आकडे समजण्यापुरते आहेत. धरा आयोगाच्या दराने १०० युनिटचे सगळं मिळून ६५० रुपये होतात. ग्राहकाने दिले १००. उरलेले ५५० सरकारने कंपनीला द्यायचे. असे १ लाख ग्राहक धरले तर महिन्याला साडेपाच कोटी. विद्युत अधिनियम २००३ चं कलम ६५ स्पष्ट म्हणतं की सरकारला कुठल्या ग्राहकाला सूट द्यायची असेल तर ती रक्कम आगाऊ द्यायची, नाही दिली तर सुटीचा निर्देश लागू राहत नाही, आयोग तसा आदेश काढेल त्या तारखेपासून आयोगाचा पूर्ण दर लागू. आगाऊ! आता सरकारचे पैसे सतत तीन महिने मागे राहिले असं धरा, म्हणजे साडेसोळा कोटी कायम अडकलेले. वीज खरेदीचं बिल तर थांबत नाही, मग कंपनी तेवढं कर्ज उचलते, ९ टक्के धरले तर वर्षाला जवळपास दीड कोटी नुसतं व्याज. सूट दिली सरकारने, टाळ्या सरकारला, व्याज कंपनीच्या बोडक्यावर.

आणि कलमात लिहिलंय म्हणून कंपनी उठून सांगू शकते का की पैसे आले नाहीत, उद्यापासून सगळ्यांना पूर्ण दराचं बिल? कायद्याने सांगायला हवं. एमडी आयएएस, सरकारने पाठवलेला, सरकार उद्या दुसरीकडे पाठवू शकतं. तो हे पत्र लिहील का तुम्हीच सांगा.

मंडळाच्या काळात तर ह्याहून वाईट होतं. नव्वदच्या दशकात पाच हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज फुकट केली, झोपड्यांना एक बत्ती कनेक्शन. निर्णय सरकारचा. आमच्या ताळेबंदात 'राज्य शासनाकडून येणे' अशी एक ओळ असायची, ती दरवर्षी फुगायची. कागदावर ती मालमत्ता! आमचे एक साहेब त्या ओळीवर पेन्सिलीने टिचकी मारून म्हणायचे, ही वसूल झाली तर मला उठवा. जुन्या १९४८ च्या कायद्यात मंडळाने सगळा खर्च भागवून निदान ३ टक्के शिल्लक दाखवावी असं कलम होतं, तीसुद्धा बऱ्याचदा ह्या येण्याच्या जोरावरच दिसायची, रोकड हातात नसायचीच.

बडोद्याचा_बंड्या
काका तुमचं पटतं पण सगळं खापर मालकावर फोडू नका. आमच्याकडे बडोद्यालाच जीईबीचं म्हणजे गुजरात वीज मंडळाचं मुख्यालय होतं, तेही २००५ मध्येच फोडून सात कंपन्या केल्या, त्यातली जीयूव्हीएनएल बाकी सहांच्या वर, सगळ्या सरकारच्याच, एमडी पण आयएएसच. शेतीला सूट आमच्याकडेही आहे. तरी केंद्राच्या दरवर्षीच्या रेटिंगमध्ये आमच्या कंपन्या वरती असतात. कारण ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर वेगळे काढले, गावाची वीज वेगळी, पंपाची वेगळी, मग किती वीज पंपाला गेली आणि किती चोरीला ते लपवता येत नाही. सूटसुद्धा किती द्यायची ते मोजता येतं. रचना तीच, मालक तसाच, निकाल वेगळा. मग रचनेवर एवढं काय बोलायचं?

जुना_हिशोबनीस
बंड्याभाऊ हा मुद्दा चांगला आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. फीडर वेगळे करायला पैसा सरकारने घातला, तो निर्णय राजकीय होता, कंपनीने एकटीने केला नसता. पण केला हे खरं. आपल्याकडेही फीडर वेगळे करायचं काम झालंय, पण उशिरा.

सुदामानगर_संजू
म्हणजे थोडक्यात स्वायत्तता शून्य 😅 मग मंडळ असतानाच बरं होतं की. वैधानिक मंडळ, स्वतःचा कायदा, कोणी हात लावू शकत नाही. आणि आपल्या नगर निगमने बॉण्ड काढला ना २०२३ मध्ये, जलूदच्या सोलर साठी, तो कसा काय? ते तर कंपनी पण नाही.

जुना_हिशोबनीस
बॉण्डचं आधी. नगर निगम ही कायद्याने बनलेली स्वतंत्र संस्था आहे, विभाग नाही, म्हणून काढू शकली. २४४ कोटींचा ग्रीन बॉण्ड, ६० मेगावॉटचं सोलर, नर्मदेचं पाणी वर चढवायचं विजेचं बिल कमी करायला. पण तिथंही सावकाराला परतफेड शहराच्या कमाईतूनच करायची आहे हे विसरू नको, सरकारी विभागाला असा सावकार मिळत नाही आणि असा तगादाही लागत नाही.

आता मंडळाचं. कायद्याने बनवलेलं मंडळ बंद करायला पुन्हा कायदाच लागतो हे खरं, कंपनीसारखं निबंधकाकडे कागद टाकून होत नाही. पण 'कोणी हात लावू शकत नाही' हे नाही. १९४८ च्या कायद्यात ७८-अ नावाचं कलम होतं. धोरणाच्या बाबतीत राज्य सरकार जे निर्देश देईल ते मंडळाने पाळायचे. आणि ही बाब धोरणाची आहे की रोजच्या कामाची असा वाद झाला तर? तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सोडवायचा. म्हणजे निदान कागदावर तरी एक तिसरा माणूस होता. पण माझ्या नोकरीत असा वाद वर गेलेला मी बघितला नाही, कारण फोनवर आलेल्या निर्देशाचा वाद कुठे नेणार. लेखी निर्देश द्यायचा म्हणजे जबाबदारी घ्यायची, फोन म्हणजे नुसतं 'बघा जरा'.

नव्या कायद्यात सरकार आयोगालाही सार्वजनिक हिताच्या धोरणावर निर्देश देऊ शकतं, कलम १०८, आणि ते धोरण आहे का ह्यावर शेवटचा शब्द कोणाचा? राज्य सरकारचाच. तिसरा माणूस गेला. त्यामुळे मंडळ जाऊन कंपनी आली म्हणजे स्वायत्तता वाढली असं सरसकट म्हणणाऱ्याला मी ही दोन कलमं शेजारी ठेवून दाखवतो.

सांवेररोड_शलाका
मी ह्या धाग्यावर लिहिणार नव्हते पण काकांनी आयोगाचं नाव काढलं. आमचं छोटं युनिट आहे सांवेर रोडला, दरवर्षी दराच्या जनसुनवाईला आमच्या असोसिएशनकडून लेखी आक्षेप जातो, मी पण बोलते. मला वाटतं खरा फरक इथं आहे, स्वायत्ततेत नाही तर जाब देण्यात.

कंपनी दरवर्षी आयोगाकडे अर्ज टाकते की पुढच्या वर्षी मला इतका खर्च आहे, इतकी वीज विकली जाईल, इतकी तूट आहे, दर वाढवून द्या. तो अर्ज वेबसाइटवर टाकावा लागतो, पेपरात सारांश छापावा लागतो. मग कोणीही आक्षेप घ्यायचा. कंपनीने प्रत्येक आक्षेपाला लेखी उत्तर द्यायचं आणि ते उत्तर आयोगाच्या आदेशात छापून येतं, खाली आयोगाचं मत. अर्ज आल्यापासून १२० दिवसांत आयोगाने निर्णय द्यायचा. आता मला सांगा, पीडब्ल्यूडीने पुढच्या वर्षी कुठल्या रस्त्यावर किती खर्च करायचा ह्यावर कधी तुमच्या आक्षेपाला लेखी उत्तर दिलंय का?

आणि खर्च सगळा मान्य होत नाही हे महत्त्वाचं. आमच्या असोसिएशनच्या सीएने मला जे समजावलं ते सांगते. समजा आयोगाने गळतीची मर्यादा १५ टक्के ठरवली आणि कंपनीची प्रत्यक्ष गळती २०. कंपनीने १०० युनिट विकत घेतले, ग्राहकांपर्यंत ८० पोचले. आयोग म्हणतो ८० पोचवायला १५ टक्के गळतीत ९४ युनिट पुरायला हवे होते, वरच्या सहा युनिटचा खर्च मी ग्राहकाच्या बिलात टाकू देणार नाही. युनिट ५ रुपयांनी घेतलं असेल तर दर शंभर युनिटमागे साधारण २९-३० रुपये कंपनीच्या अंगावर. दोनतीन वर्षांनी ऑडिट झालेले हिशोब आले की हे पक्कं होतं, त्याला ट्रू-अप म्हणतात. विभागाला असा झटका कोण देतो?

ठेकेदार_लोकमान्यनगर
पण ताई, अंगावर म्हणजे कोणाच्या? कंपनी सरकारची, तोटा शेवटी सरकारच भरणार ना. म्हणजे परत आपणच.

सांवेररोड_शलाका
तेच तर. झटका कागदावर बसतो, माणसाला बसत नाही. गळती ज्या झोनमध्ये जास्त तिथल्या साहेबाची बदली होते, तीही कधीकधी चांगल्या जागी 🙄

बडोद्याचा_बंड्या
उदय योजना आठवते का? २०१५ ची. वितरण कंपन्यांच्या ३० सप्टेंबर २०१५ च्या कर्जापैकी ७५ टक्के राज्यांनी स्वतःवर घ्यायचं असा तिचा गाभा. मध्य प्रदेशपण त्यात होतं. म्हणजे ज्या कंपन्या 'स्वतःचं कमवून खातात' त्यांचं कर्ज शेवटी राज्याच्या डोक्यावर. संजू भाई ऐकताय ना.

जुना_हिशोबनीस
बंड्याभाऊ बरोबर. पण कंपनीला बाजाराचा चटका बसतच नाही असंही नाही. ऑगस्ट २०२२ आठवा. केंद्राने नवे नियम केले होते की वीज उत्पादकांची थकबाकी वेळेत दिली नाही तर वीज बाजारातून खरेदी-विक्री बंद. आणि एका दिवशी १३ राज्यांच्या कंपन्यांवर ती बंदी आली, आपलं मध्य प्रदेश त्यात होतं. काही राज्यं म्हणाली आम्ही भरलेत, नोंद झाली नाही, तो वाद वेगळा. पण थकबाकी म्हणजे काय ते तेव्हा वरच्या मजल्यावरही कळलं. पीडब्ल्यूडीने ठेकेदाराचे पैसे थकवले म्हणून कोणी तिचं डांबर बंद केलंय?

हायकोर्टवाला_मामा
मावशींचा मूळ प्रश्न राहिलाच, नोकरी. माझा पेशा वकिलीचा, सेवाविषयक प्रकरणं बघतो, त्यामुळे दोन गोष्टी.

विभागातला माणूस राज्याचा लोकसेवक, त्याला घटनेच्या कलम ३११ चं कवच आहे, चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही, हे कवच थेट घटनेतनं येतं. कंपनीच्या आणि मंडळाच्या कर्मचाऱ्याला ३११ लागू नाही. ऐकून घाबरू नका, कारण कंपनीचे स्वतःचे सेवा नियम असतात, त्यातही चौकशी असते, आणि कंपनी ही घटनेच्या भाषेत 'राज्य'च आहे, म्हणून मनमानी केली तर हायकोर्टात रिट चालते. हे कसं ठरलं ते गमतीदार आहे, १९६७ मध्ये राजस्थान वीज मंडळाच्या एका कर्मचाऱ्याचा बढतीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, मंडळ म्हणालं आम्ही व्यापारी संस्था आहोत, आम्हाला मूलभूत हक्क कुठे लावता. कोर्ट म्हणालं कायद्याने अधिकार दिलेली संस्था आहात, लागतात. ते मोहनलाल प्रकरण आजही आम्ही रोज दाखला म्हणून देतो.

प्रत्यक्षात नवीन जेईसाठी फरक किती, तर माझ्या मते फार थोडा. पेन्शनला तर २००५ नंतर लागलेल्यांना दोन्हीकडे एनपीएसच.

रामबागची_मावशी
मामा आणि काका खूप आभार. म्हणजे भावजींची परिवहन निगमची भीती कितपत खरी? ते पण कायद्याने बनलेलंच होतं ना, मग कसं बंद पडलं.

हायकोर्टवाला_मामा
बंद 'पडलं', कायद्याने बंद 'केलं' का ह्यावर वेगळा धागा लागेल. बसेस थांबल्या आणि माणसं व्हीआरएसवर गेली म्हणजे संस्था कायद्याने संपत नाही. पण नोकरी करणाऱ्याला त्याचं सांत्वन नाही हेही खरं.

जुना_हिशोबनीस
मावशी, बसला पर्याय होता, खाजगी बसवाले आधीच रस्त्यावर होते. विजेच्या तारा मात्र एकच असतात. कंपनी विकली जाईल, नाव बदलेल, तुकडे होतील, हे सगळं शक्य आहे, पण खांबावर चढणारा आणि त्याला चढवणारा जेई लागणारच. मंडळातून कंपनीत आम्ही गेलो तेव्हा अटी जशाच्या तशा नेल्या, कोणी घरी बसलं नाही.

सांवेररोड_शलाका
काका पेन्शनचं पण सांगा ना त्यांना. जुन्या मंडळाच्या लोकांचं पेन्शन आमच्या दरातून जातं, त्यावर आम्ही आक्षेप घेतलाय. विभागाचं पेन्शन बजेटमधून, तुमचं आमच्या बिलातून.

जुना_हिशोबनीस
शलाकाताई, म्हणजे तुमच्या युनिटच्या बिलातून माझा चहा चालतो हे मला माहीत आहे 😄 पण विचार करा, मंडळ असताना आमच्या पगारातून पेन्शनसाठी वेगळा निधी नीट बाजूला ठेवला गेला असता तर आज दरात टाकायची वेळ आली नसती. तो पैसा त्या फुगलेल्या 'येणे'च्या ओळीतच अडकला होता. विभागात हा प्रश्नच येत नाही कारण तिथे निधी ठेवतच नाहीत, दरवर्षीच्या महसुलातून देतात. कोणती पद्धत बरी ह्यावर तुमचं माझं एकमत होणार नाही.

सांवेररोड_शलाका
नाही होणार 🙂 सरकारने आपलं देणं स्वतः भरावं, ग्राहकाने का?

सुदामानगर_संजू
मला एक सांगा, विधानसभेत कोण विचारतं मग? विभागाचं लोकलेखा समिती बघते एवढं माहीत आहे.

हायकोर्टवाला_मामा
विभागांचं लोकलेखा समिती, कंपन्या-निगमांचं सरकारी उपक्रम समिती. संसदेतली १९६४ पासून आहे आणि तिला रोजच्या कारभारात आणि सरकारच्या मोठ्या धोरणात शिरायची मनाई आहे. आता काकांनी वर लिहिलेली सूट घ्या. ती द्यायचा निर्णय धोरण, ती उशिरा आली म्हणून कर्ज काढलं हा रोजचा कारभार. मग समितीने नक्की काय विचारायचं? माझ्या मते पळवाट इथंच आहे, मंत्री म्हणतात कंपनीचा विषय, कंपनी म्हणते शासनाचा आदेश. विभागात निदान मंत्र्याला 'माझा नाही' म्हणता येत नाही.

जुना_हिशोबनीस
मामा, थोडी दुरुस्ती. कर्ज काढलं आणि व्याज अंगावर पडलं हे कॅग अहवालात आलं तर समिती ते विचारू शकते, आणि विचारते. मी स्वतः अशी उत्तरं तयार केली आहेत. उत्तरात आम्ही ठरलेलं वाक्य लिहायचो, 'शासनाकडे सतत पाठपुरावा चालू आहे'. आणि पाठपुराव्याच्या पत्रांच्या प्रती जोडायचो. समितीही तेवढ्यावर पुढच्या परिच्छेदाला जायची.

मालव्याचा_माणूस
रीडिंग बघितलं, ३४ दिवसांनी घेतलंय. तर आता १५३ मधले किती धरायचे?

जुना_हिशोबनीस
दादा, १५० ला ३० ने भागा, रोजचे ५. ३४ दिवसांचे १७० होतात, तुमचे १५३ त्याच्या आत. आधीच्या आणि ह्या दोन्ही बिलांच्या झेरॉक्स घेऊन झोनला अर्ज द्या, पोच घ्या. तिथं नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण फोरम, त्याच्यावर लोकपाल आहे, वीज कायद्यातच दिलंय, वकील लागत नाही. मावशी, भाचीला सांगा जेई झाली तर पहिल्या महिन्यात हेच अर्ज तिच्या टेबलावर येतील.

रामबागची_मावशी
😂 सांगते. तिने आत्ताच वाचला धागा, म्हणते शलाकाताईंना विचार जनसुनवाईला बाहेरच्या माणसाला नुसतं बसून ऐकता येतं का.

सांवेररोड_शलाका
येतं की. तारीख पेपरात छापून येते. फक्त बोलायचं असेल तर आक्षेप आधी लेखी द्यायचा.